गजबजलेल्या बाजाराचे छायाचित्र नेमके कुठले? मेडिकल, मनी ट्रान्सफर आणि खाण्याच्या गाड्यांवरून ओळखण्याची रीत

मागच्या दिवाळीच्या आठवड्यात आमच्या परभणीतील एका गटात एक छायाचित्र आले आणि त्याखाली ‘गंज गोलाई, लातूर, आजची गर्दी’ एवढीच ओळ होती. अरुंद रस्ता, दोन्ही बाजूंना देवनागरी पाट्या, झेंडूच्या माळा, डावीकडे हिरव्या अधिक-चिन्हाचे औषधांचे दुकान, उजवीकडे ‘मनी ट्रान्सफर’ लिहिलेला जेमतेम चार फूट रुंदीचा गाळा, त्याच्या काचेवर जांभळा चौकोन आणि पुढे पाणीपुरीचे दोन गाडे असे ते दृश्य होते. गटातील बहुतेकांनी ते लातूरचेच मानले, आणि मीही पहिली काही मिनिटे तसेच मानले होते. प्रत्यक्षात ते छायाचित्र लातूरचे तर नव्हतेच, भारतातलेही नव्हते. ते कसे उलगडले, हे मी पुढे पायरीपायरीने सांगणार आहे.

मराठवाड्यातील वाचकाची अशा छायाचित्रांत एक विशेष अडचण होते. चिनी किंवा अरबी पाट्या दिसल्या तर आपण लगेच थांबतो. पण देवनागरी दिसली की जागा ओळखीची वाटते. मराठी, हिंदी आणि नेपाळी या तिन्ही भाषांची लिपी देवनागरीच असल्यामुळे लातूर, कानपूर आणि नेपाळच्या तराईतील एखादे शहर यांच्या बाजारपेठा उडत्या नजरेला सारख्याच दिसतात. म्हणून या लेखात जगभरातील बाजारांचा विचार न करता देवनागरी पाट्यांचा गजबजलेला रस्ता महाराष्ट्रातला, उत्तर भारतातला की नेपाळमधला, एवढाच प्रश्न घेतला आहे. हाती फक्त तीन खुणा घ्यायच्या आहेत. त्या तीन वेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात. मनी ट्रान्सफरचा गाळा देश सांगतो आणि छायाचित्र कोणत्या वर्षानंतरचे आहे हेही सांगतो, मेडिकलची पाटी भाषा आणि पत्ता सांगते, तर खाण्याचा गाडा प्रदेशाचा अंदाज देतो. मात्र तिघांत सर्वांत जास्त चकवणाराही तोच असतो.

पहिली पायरी : वाचण्याआधी उतरवून घेणे

छायाचित्र पाठवणाऱ्याकडून शक्य असल्यास ते ‘डॉक्युमेंट’ म्हणून पुन्हा मागवावे, कारण व्हॉट्सॲपवर साधे छायाचित्र पाठवले की त्याचा आकार कमी होतो आणि पाट्यांवरील मात्रा, अनुस्वार व आकडे सर्वांत आधी पुसट होतात. आपल्याला नेमकी त्याच बारकाव्यांची गरज असते. त्यानंतर छायाचित्र आरशासारखे उलटे केलेले नाही ना, हे एखाद्या पाटीवरील आकड्यावरून पाहून घ्यावे.

मग कागद घेऊन प्रत्येक पाटीवरील मजकूर अक्षरन् अक्षर, जसा आहे तसा उतरवावा. जे अक्षर दिसत नाही त्याच्या जागी प्रश्नचिन्ह घालावे आणि अंदाजाने काहीही भरू नये. ही पायरी कंटाळवाणी वाटते, पण माझ्या अनुभवात निम्म्या चुका इथेच होतात. सवयीचा मराठी वाचक पाटी वाचताना नकळत ती दुरुस्त करत जातो. ‘औषधि’ असे ऱ्हस्व लिहिलेले असले तरी डोळा ‘औषधी’ वाचतो, ‘बैंक’ असले तरी मन ‘बँक’ म्हणते आणि ‘पानीपुरी’ची ‘पाणीपुरी’ होऊन जाते. ज्या फरकावर पुढचा सगळा निर्णय उभा राहणार असतो, तो असा वाचतानाच हरवतो. त्या दिवाळीच्या छायाचित्रात मी स्वतः पहिल्यांदा ‘औषधी’ असेच वाचले होते. मजकूर कागदावर उतरवून पुन्हा ताडून पाहिला तेव्हा तिथे ऱ्हस्व वेलांटी असल्याचे लक्षात आले.

दुसरी पायरी : मनी ट्रान्सफरचा गाळा

सुरुवात या गाळ्यापासून करण्याचे कारण असे की, पैसे पाठवण्याची व्यवस्था देशाच्या सीमेला बांधलेली असते. एका देशाच्या मध्यवर्ती बँकेच्या परवानगीने चालणारी सेवा शेजारच्या देशात तशीच सहसा चालत नाही, त्यामुळे गाळ्यावरील नाव ओळखता आले की देश बहुतेक ठरतो. याला अपवाद पिवळ्या-काळ्या रंगातील वेस्टर्न युनियनसारख्या आंतरराष्ट्रीय सेवांचा आहे. त्यांची पाटी कोणत्याही देशात दिसू शकते आणि म्हणून तिचा काहीच उपयोग होत नाही.

भारतातील गाळ्यावर बहुधा आधारचे सूर्यासारखे बोधचिन्ह, ‘आधारवरून पैसे काढा’ अशी ओळ, एखाद्या बँकेच्या ग्राहक सेवा केंद्राची पाटी आणि यूपीआयचे क्यूआर कोड एकत्र दिसतात. पहिले आधार क्रमांक 2010 साली आपल्याच राज्यात, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली गावात दिले गेले, आणि यूपीआय 2016 साली सुरू झाले. त्यामुळे यूपीआयचा कोड दिसणारे छायाचित्र 2016 च्या आधीचे असू शकत नाही. गाळ्यावर ‘आपले सरकार सेवा केंद्र’ अशी पाटी असेल तर राज्यही ठरते, कारण ही योजना महाराष्ट्र शासनाची आहे. ₹ हे चिन्हही असेच उपयोगी आहे. भारताने ते 2010 साली स्वीकारले, नेपाळी रुपयासाठी ते वापरले जात नाही, आणि तिथे ‘रु’ असेच लिहितात. मात्र आपल्याकडेही हाताने लिहिलेल्या फलकांवर ‘10 रु.’ असे सर्रास लिहितात. म्हणून ₹ दिसले तर भारत म्हणता येते, पण ‘रु’ दिसले म्हणून नेपाळ म्हणता येत नाही.

नेपाळमध्ये परदेशात कामाला गेलेल्यांकडून येणाऱ्या पैशावर असंख्य घरे चालतात, म्हणून तिथल्या बाजारात ‘रेमिट’ आणि ‘रेमिट्यान्स’ हे शब्द आपल्याकडील ‘मनी ट्रान्सफर’इतके सहज दिसतात. आयएमई, प्रभू यांसारखी नावे, हिरव्या रंगातील ई-सेवा आणि जांभळ्या रंगातील खल्ती ही तिथली नेहमीची चिन्हे आहेत. ई-सेवा 2009 साली आणि खल्ती 2017 साली सुरू झाली.

मोठा चकवा या जांभळ्या रंगात आहे. भारतातील फोनपेचा जांभळा आणि नेपाळमधील खल्तीचा जांभळा इतके जवळचे आहेत की पुसट छायाचित्रात केवळ रंगावरून त्यांत फरक करता येत नाही. बांगलादेशातील रॉकेट ही सेवाही जांभळीच आहे. त्यातच नेपाळमध्ये ‘फोनपे’ याच उच्चाराची एक वेगळी देयक-व्यवस्था आहे. तिचा रंग लाल असून तिचे इंग्रजी नाव ‘एफ’ने सुरू होते, तर भारतातील फोनपेचे नाव ‘पीएच’ने सुरू होते. देवनागरीत दोन्ही नावे एकच दिसत असल्यामुळे नाव देवनागरीत असेल तर रंग पाहावा आणि इंग्रजीत असेल तर पहिले अक्षर पाहावे. शिवाय 2024 पासून नेपाळमधील काही दुकानांत भारतीय यूपीआयने पैसे देता येतात, म्हणून त्यानंतरच्या छायाचित्रात काउंटरवर यूपीआयची लहानशी चिठ्ठी दिसली तरी तेवढ्याने नेपाळ बाद होत नाही. गाळ्यावरची मुख्य पाटी कोणती आणि कोपऱ्यातली चिठ्ठी कोणती, हे वेगळे करून पाहावे लागते.

आमच्या छायाचित्रात उजवीकडच्या गाळ्यावर ‘मनी ट्रान्सफर’ असे लिहिले होते आणि या शब्दाने आम्हाला आणखी फसवले. हिंदी पाट्यांवर हा शब्द बहुधा अनुस्वाराने, म्हणजे ‘ट्रांसफर’ असा लिहितात, तर मराठीत आणि नेपाळीतही ‘ट्रान्सफर’ असा अर्धा न लिहिलेला आढळतो. उत्तर भारत मागे पडला की मराठी माणूस उरलेला पर्याय महाराष्ट्रच आहे असे गृहीत धरतो, आणि तेच आमचे झाले. जांभळा चौकोन मोठा करून पाहिला तेव्हा त्यावर पाच-सहा इंग्रजी अक्षरे होती आणि पहिले अक्षर ‘के’ असावे असे वाटत होते. फोनपेची सुरुवात अशी होऊ शकत नाही. शेजारच्या हिरव्या पट्टीवरचे काहीही वाचता येत नव्हते. या टप्प्यावर मी कागदावर ‘नेपाळ असण्याची शक्यता, खात्री नाही, खल्ती असल्यास 2017 नंतरचे’ एवढेच लिहिले.

ही वर्षे वापरताना एक मर्यादा पक्की लक्षात ठेवावी. सेवा सुरू झाल्याचे वर्ष छायाचित्र कधीच्या आधीचे नाही एवढेच सांगते. ते कालचे आहे की पाच वर्षांपूर्वीचे, हे त्यावरून कळत नाही. ‘आजची गर्दी’ हा दावा कोणत्याही पाटीवरून सिद्ध होत नाही.

तिसरी पायरी : मेडिकलची पाटी

औषधांच्या दुकानाकडे पाहताना नजर प्रथम चिन्हावर जाते. युरोपच्या काही भागांत ही सवय योग्य ठरते : जर्मनीतील औषधांच्या दुकानांवर लाल रंगाचे मोठे ‘ए’ अक्षर असते आणि त्यात पेला व साप असतात, तुर्कस्तानात लाल ‘ई’ असते, तर फ्रान्स, स्पेन आणि इटलीत हिरवा क्रॉस चमकत असतो. आपल्या भागात मात्र चिन्हावरून देश ठरवता येत नाही. हिरवा क्रॉस, आरएक्सचे चिन्ह आणि पेल्याभोवती वेटोळे घातलेला साप ही सगळी चिन्हे भारतात आणि नेपाळमध्ये सारखीच वापरली जातात. लाल क्रॉसची गोष्ट थोडी निराळी आहे. भारतात 1960 च्या जिनिव्हा करार कायद्यानुसार हे चिन्ह केंद्र सरकारच्या परवानगीशिवाय वापरता येत नाही. तरीही जुन्या पाट्यांवर ते अनेक ठिकाणी टिकून आहे, त्यामुळे ते असण्याने किंवा नसण्याने काही ठरत नाही. चिन्हाचे काम ‘येथे औषधांचे दुकान आहे’ एवढे सांगून संपते; पुढचे सगळे त्याखालच्या अक्षरांतून काढावे लागते.

अक्षरांत सर्वांत आधी तीन-चार ठरावीक शब्द शोधावेत. मराठवाड्यात आपण औषधांच्या दुकानाला ‘मेडिकल’ म्हणतो आणि पाटीवर बहुधा ‘मेडिकल अँड जनरल स्टोअर्स’ असे लिहिलेले असते. ही एक ओळ फार मोलाची आहे. ‘अँड’मधील अर्धचंद्र आणि ‘स्टोअर्स’मधील अ ही मराठी लेखनाची सवय आहे, हिंदी पाटीवर तिथे ‘एंड’ किंवा ‘एण्ड’ आणि ‘स्टोर’ किंवा ‘स्टोर्स’ येते. ‘फार्मसी’ असे मात्रेविना लिहिले असेल तर कल मराठीकडे ठेवावा, ‘फार्मेसी’ असेल तर हिंदीकडे किंवा नेपाळीकडे. नेपाळमध्ये ‘औषधि पसल’ आणि ‘मेडिकल हल’ हे शब्दप्रयोग नेहमीचे आहेत. ‘पसल’ म्हणजे दुकान, आणि हा शब्द मराठीत वा हिंदीत या अर्थाने नाही, त्यामुळे तो स्पष्ट वाचता आला तर देशाचा प्रश्न जवळजवळ मिटतोच.

‘औषधि’ आणि ‘औषधी’ यांतील वेलांटीचा फरकही याच कामाचा आहे. मराठी लेखनात शब्दाच्या शेवटचा इकार दीर्घ लिहिण्याचा नियम आहे, हिंदीत आणि नेपाळीत संस्कृतातील ऱ्हस्व इकार तसाच ठेवतात. ‘शक्ती’ आणि ‘शक्ति’, ‘समिती’ आणि ‘समिति’ या जोड्यांतही हेच दिसते. पण या नियमाला दोन ठिकाणी तडा जातो. दुकानाचे विशेषनाम जुन्या वळणाने ‘ज्योति’ असे लिहिण्याची पद्धत आपल्याकडे आजही आहे. दुसरे म्हणजे ‘प्रधानमंत्री भारतीय जनऔषधि केंद्र’ ही केंद्र सरकारच्या योजनेची पाटी आहे आणि मराठवाड्यातील गावांतही ती हिंदी लेखनात दिसू शकते. ती पाटी देश निश्चित सांगते, राज्य सांगत नाही. योजनेला हे नाव 2016 साली मिळाले असल्याने काळाचा अंदाजही देते.

‘केमिस्ट अँड ड्रगिस्ट’ हे शब्द दिसले तर त्यामागे नियम आहे, हे जाणून घेणे उपयोगी पडते. भारतातील 1945 च्या औषध नियमांनुसार नोंदणीकृत फार्मासिस्ट असलेल्या, पण स्वतः औषधे तयार करून न देणाऱ्या दुकानाने आपले वर्णन असे करायचे असते. म्हणून आपल्या गल्लीबोळांत हे जड इंग्रजी शब्द देवनागरीत दिसतात. ते दिसले तर कल भारताकडे ठेवावा, पण एवढ्यावर निर्णय देऊ नये.

महाराष्ट्राच्या बाबतीत काळ सांगणारी आणखी एक खूण आहे. 2022 साली दुकाने व आस्थापना कायद्यात झालेल्या दुरुस्तीनंतर लहानमोठ्या सर्व दुकानांना मराठी पाटी सक्तीची झाली आणि मराठी अक्षरे दुसऱ्या लिपीच्या अक्षरांपेक्षा लहान नसावीत असे ठरले. 2023 साली सर्वोच्च न्यायालयाने दुकानदारांना पाट्या बदलण्यासाठी दोन महिन्यांची मुदत दिली होती. त्यामुळे जुन्या इंग्रजी पाटीच्या वर नव्याने चिकटवलेली, रंगाने वेगळी मराठी पट्टी दिसली तर छायाचित्र बहुधा अलीकडचे मानावे. मराठवाड्यातील लहान शहरांत पाट्या आधीपासूनच मराठीत असल्याने तिथे ही खूण क्वचितच कामी येते.

यानंतर आकडे. औषधांच्या दुकानदाराला गिऱ्हाइकाचा फोन यावा असे वाटते, म्हणून पाटीवर क्रमांक असतोच, आणि जुन्या पाटीवर दूरध्वनीचा गावाचा संकेतांकही असतो. मराठवाड्याचे संकेतांक जवळ लिहून ठेवावेत : छत्रपती संभाजीनगर 0240, जालना 02482, परभणी 02452, हिंगोली 02456, नांदेड 02462, लातूर 02382, धाराशिव 02472, बीड 02442. मोबाइल क्रमांकावर मात्र विसंबू नये. भारतातील आणि नेपाळमधील मोबाइल क्रमांक दोन्ही दहा आकडी असतात आणि दोन्हीकडे 98 ने सुरू होणारे क्रमांक आहेत. बांगलादेशातील क्रमांक अकरा आकडी असून 01 ने सुरू होतो आणि पाकिस्तानातील 03 ने, म्हणून तिथे ही अडचण येत नाही.

शेवटी स्थापनेचे वर्ष पाहावे. नेपाळमध्ये व्यवहारात विक्रम संवत चालते आणि ते आपल्या इसवी सनापेक्षा साधारण 57 वर्षांनी पुढे असते. पाटीवर ‘स्था. २०५८’ असे लिहिलेले असेल तर ते भविष्यातले वर्ष नाही. ते 2001-02 च्या सुमाराचे आहे आणि दुकान बहुधा नेपाळमधले आहे. आपल्याकडे पंचांगाबाहेर शके वा संवत कोणी दुकानाच्या पाटीवर सहसा लिहीत नाही. मला ही खूण सर्वांत आवडते, कारण ती वाचायला मात्रा-वेलांट्यांची गरज लागत नाही आणि पुसट छायाचित्रातही चार आकडे तग धरून राहतात.

आमच्या छायाचित्रातील मेडिकलच्या पाटीवर मी असे उतरवले होते : ‘???? औषधि प?ल’, त्याखाली बारीक अक्षरांत ‘??? गञ्ज’ आणि उजव्या कोपऱ्यात ‘स्था. २०५?’. पहिल्या ओळीत ‘पसल’ असण्याची शक्यता मोठी होती. वर्षाचा शेवटचा आकडा झेंडूच्या माळेआड गेला होता, पण पहिले तीन आकडे पुरेसे होते. आणि ‘गञ्ज’ या शब्दाने तर मूळ चूक कुठून आली असावी हेही सुचवले. मराठीत आपण ‘गंज’ लिहितो. नेपाळीत तोच शब्द ञ जोडून ‘गञ्ज’ असा लिहितात. छायाचित्र पुढे पाठवणाऱ्या कोणीतरी ‘गंज’ एवढे वाचून पुढचे ‘गोलाई’ स्वतःच्या मनाने जोडले असावे, असे मला वाटते.

चौथी पायरी : खाण्याचा गाडा

गाडा शेवटी ठेवण्याचे कारण असे की गाडा चाकांवर असतो, त्याचा मालक पोटासाठी दूरवरून आलेला असतो आणि पदार्थाच्या नावात अनेकदा दुसऱ्याच गावाचे नाव असते. लातुरात ‘दिल्ली चाट’ मिळते, बीडमध्ये ‘इंदुरी पोहे’ मिळतात आणि आता तालुक्याच्या गावीही मोमो मिळतात. पाणीपुरीचा गाडा तर नेपाळच्या तराईत आणि आपल्याकडे इतका सारखा दिसतो की त्याची चाके, काचेची पेटी आणि लाल कापड गुंडाळलेला मटका पाहून काहीही ठरवू नये.

म्हणून इथेही गाड्याचा आकार सोडून त्यावरील अक्षरे वाचावीत. ‘पाणीपुरी’ हे ण ने लिहिलेले असेल तर लिहिणारा बहुधा मराठी आहे. ‘पानी पूरी’, ‘गोलगप्पे’ किंवा ‘बताशे’ हे उत्तरेकडचे शब्द आहेत. नेपाळमध्ये ‘पानीपुरी’सोबत बहुधा ‘चटपटे’ येते, आणि मोमोसाठी तिथे ‘म:म:’ असे विसर्गासह लिहितात. भारतात हे लेखन मला कुठे आढळलेले नाही. इथे गाड्यांवर ‘मोमोज’ लिहिलेले असते. उलट दिशेने, न्याहारीच्या गाड्यावर ‘सुशीला’ लिहिलेले दिसले तर मी मराठवाडा हा पहिला अंदाज धरतो, कारण भिजवलेल्या मुरमुऱ्यांचा हा पदार्थ या नावाने आपल्याकडेच रुळलेला आहे. पण मराठवाड्यात उत्तर प्रदेशातून आणि राजस्थानातून येऊन गाडा लावणारेही अनेक आहेत आणि ते आपल्या सवयीने ‘पानीपुरी’ लिहितात, म्हणून एका न वरून महाराष्ट्र बाद करू नये.

भारतातील गाड्यावर किंवा लहान हॉटेलच्या पाटीवर एफएसएसएआयचा चौदा आकडी क्रमांक दिसला तर तो जरूर उतरवावा. त्यातील पहिला आकडा परवाना की नोंदणी हे सांगतो, पुढचे दोन आकडे राज्य आणि त्यापुढचे दोन वर्ष सांगतात. महाराष्ट्राचा संकेतांक 15 आहे, त्यामुळे लहान विक्रेत्याचा क्रमांक 215 ने आणि राज्याकडून परवाना घेतलेल्याचा 115 ने सुरू होतो. गर्दीच्या छायाचित्रात हा क्रमांक वाचता येणे दुर्मीळ आहे, पण वाचता आला तर राज्याबद्दल फारशी शंका उरत नाही.

गाडा किती चकवतो याचे उदाहरण नांदेडचेच देता येईल. सचखंड हजूर साहिब गुरुद्वाऱ्याच्या परिसरात देशभरातून शीख भाविक येतात, त्यामुळे तिथे गुरुमुखीतील पाट्या, छोले-कुलच्याचे गाडे आणि लस्सीची दुकाने दिसणे अगदी स्वाभाविक आहे. अशा रस्त्याचे एक छायाचित्र मला पंजाबातील म्हणून दाखवण्यात आले होते. खाण्याच्या गाड्यांवरून आणि माणसांच्या पेहरावावरून तो निष्कर्ष चुकीचा वाटतही नव्हता. पण मागच्या रांगेतील मेडिकलवर ‘अँड जनरल स्टोअर्स’ स्पष्ट होते आणि क्रमांकाची सुरुवात 02462 अशी होती. गाडा पंजाबचा पदार्थ विकत होता, पण औषधांचे दुकान आपल्या गावाचा पत्ता सांगत होते, आणि अशा वेळी दुकानाचे ऐकावे. याच प्रकारची चूक उर्दू पाट्यांबाबत होते. छत्रपती संभाजीनगर, नांदेड आणि परभणीच्या जुन्या बाजारपेठांत उर्दू पाट्या पिढ्यान्‌पिढ्या आहेत, तरी असे छायाचित्र ‘पाकिस्तानातले’ म्हणून फिरवले जाते आणि त्यातून आपल्याच शेजाऱ्यांविषयी विष पसरते. तिथेही आधी मनी ट्रान्सफरचा गाळा शोधावा : पाकिस्तानात असेल तर 2009 पासून चालणारी ईझीपैसा किंवा जॅझकॅश अशी नावे दिसतील, आपल्याकडे असेल तर यूपीआयचे कोड आणि त्याच पाटीवर उर्दूशेजारी मराठी दिसेल.

आमच्या छायाचित्रातील दोन गाड्यांपैकी पुढच्या गाड्यावर फक्त ‘पानीपुरी’ होते, आणि त्याने काहीच सिद्ध होत नव्हते. मागच्या गाड्याची काच अर्धी झाकलेली होती, पण तिच्यावर लाल रंगात ‘म’ आणि त्यापुढे एकावर एक दोन ठिपके दिसत होते. एवढ्याच भागाला मी विसर्ग म्हटले नसते. पण आधीच्या दोन खुणांनी दिशा दाखवलेली असल्यामुळे तो त्यांच्याशी जुळतो, एवढी नोंद केली.

पाचवी पायरी : जुळवणी, आणि विरुद्ध पुराव्याचा शोध

तिन्ही खुणा एकाच बाजूला झुकल्या की थांबण्याचा मोह होतो. त्याऐवजी इथे उलट बाजूने दहा मिनिटे द्यावीत आणि मूळ दावा खरा असता तर छायाचित्रात काय दिसायला हवे होते, ते शोधावे. गंज गोलाई ही गोलाकार बाजारपेठ असून तिच्यापासून सोळा रस्ते फुटतात, त्यामुळे तिथल्या छायाचित्रात दुकानांची रांग बहुधा वळत गेलेली दिसते. आमच्या छायाचित्रात ती सरळ होती. लातूर असते तर दुचाकींवर एमएच 24 चे क्रमांक दिसायला हवे होते. इथे दिसणारी एकमेव क्रमांकपट्टी लाल होती आणि तिच्यावर देवनागरी अक्षरे होती. ₹ चे चिन्ह कुठेही नव्हते, आधारचे बोधचिन्ह नव्हते, अर्धचंद्र असलेला एकही शब्द नव्हता. झेंडूच्या माळांनी मात्र दोन्ही बाजूंना सारखीच साथ दिली असती, कारण आपल्या दिवाळीच्या दिवसांतच नेपाळमध्ये तिहार साजरा होतो आणि तिथेही दारांना झेंडूच लावतात. म्हणून सणाची सजावट मी पुराव्यातून काढून टाकली.

आता देश ठरला, पण शहर बाकी होते. ‘गञ्ज’ने संपणारी तराईतील दोन मोठी नावे म्हणजे वीरगञ्ज आणि नेपालगञ्ज, आणि नेमका नावाचा पहिला भाग एका छत्रीने झाकला होता. दोन्ही शहरे सपाट प्रदेशात, भारताच्या सीमेलगत आहेत, दोन्हीकडे ई-रिक्षा आहेत. रस्त्याच्या दृश्यावरून निवड करणे केवळ अंदाज ठरला असता. त्या दिवशी मी गटात ‘हे नेपाळच्या तराईतील शहर आहे, वीरगञ्ज किंवा नेपालगञ्ज असावे, नेमके सांगता येत नाही’ एवढेच लिहिले.

दोन दिवसांनी ज्यांनी छायाचित्र पाठवले होते त्यांच्याकडून त्याची मोठ्या आकाराची प्रत मिळाली. तिच्यात मेडिकलच्या पाटीवरील ‘पसल’ पूर्ण वाचता आले, जांभळ्या चौकोनावरचे नाव खल्तीच निघाले, आणि दुकानाच्या नावाखाली देवनागरी आकड्यांत दूरध्वनी क्रमांक दिसला. त्याची सुरुवात ‘०५१’ अशी होती. नेपालगञ्जचा संकेतांक 081 आहे आणि वीरगञ्जचा 051. छत्रीआडचे नाव वीरगञ्ज होते. तारीख मात्र 2017 नंतरची, याहून अधिक नेमकी सांगता आली नाही.